चोवीस इंचांच्या खाचेत कोणता फ्रिज बसवायचा?

प्रश्न: आम्ही तिघं, मी, मिस्टर आणि सात वर्षांची मुलगी. डोंबिवलीत वन बीएचके. ओटा संपतो तिथून उजव्या भिंतीपर्यंत २४ इंच जागा आहे, वर ५ फूट ३ इंचांवर कपाट येतं. दोघंही नोकरीला, मासे आठवड्यातून दोनदा. आताचा सिंगल डोअर जुना झालाय. पुन्हा सिंगल डोअरच घ्यावा की डबल डोअर फ्रॉस्ट फ्री? दुकानदार डबलच घ्या म्हणतो, सासूबाई म्हणतात तो जागा अडवतो आणि वीज खातो.

उत्तर:

ताई, तुमच्या घराला २४० लिटरच्या आसपासचा डबल डोअर बसेल आणि उपयोगीही पडेल. पण दुकानात एक चाचणी करून बघा, ती खाली सांगतो. त्या चाचणीत मॉडेल नापास झालं तर दुसरं मॉडेल बघा, आणि एकही पास झालं नाही तर सरळ सिंगल डोअर घ्या. मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय, विकत नाही. त्यामुळे तुम्ही कुठला घेतलात याने मला काही फरक पडत नाही; उलट नीट विचार न करता घेतलेल्या फ्रिजवरच माझं पोट चालतं.

आधी सासूबाईंच्या जागेच्या मुद्द्याकडे येतो, कारण जवळपास प्रत्येक घरात हाच गैरसमज दिसतो. टेप घेऊन मोजलं की लक्षात येतं. १९० लिटरचा सिंगल डोअर रुंदीला साधारण ५३-५४ सेंटिमीटर असतो. २४० लिटरचा डबल डोअर ५५-५६. खोली, म्हणजे पुढून मागे, दोघांचीही ६२ ते ६६च्या दरम्यान. म्हणजे जमिनीवरची जागा दोघं जवळपास सारखीच घेतात. फरक उंचीत आहे: सिंगल डोअर खालच्या कांदे-बटाट्याच्या ड्रॉवरसकट १२०-१२५ सेंटिमीटर, डबल डोअर १४५ ते १५५. सिंगल डोअरने तुमची वाचते ती वरची एक फूट हवा. तिथे तुम्ही मिक्सर ठेवणार असाल, बिस्किटांचे डबे ठेवणार असाल, तर ती हवा कामाची. तुमच्याकडे वर कपाट आहे, म्हणजे त्या हवेत हात घालायलाही वाकडं व्हावं लागतं.

तुमची २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर. ५५.५ सेंटिमीटरचा डबल डोअर ठेवला तर साडेपाच उरतात. आता हे साडेपाच कुठे सोडायचे? पूर्वी फ्रिजच्या मागे काळी जाळी असायची, ती गरम व्हायची. आताच्या बहुतेक फ्रिजांत ती नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत दडवलेली असते, म्हणून चालू फ्रिजच्या बाजूला हात लावला की गरम लागतो. लोक घाबरून मला फोन करतात, "दादा, फ्रिज तापतोय." तापायलाच हवा, आतली उष्णता तो बाहेर टाकतोय. पण ती उष्णता निघून जायला बाजूला फट लागते. तुमच्याकडे डावीकडे ओटा आहे, तो कमरेपर्यंतच. त्याच्या वर मोकळी हवा आहे. म्हणून डावीकडे दीड सेंटिमीटर पुरे, उजवीकडे भिंतीच्या बाजूला चार. कंपनीच्या पुस्तिकेत बाजूला याहून जास्त लिहिलेलं असेल तर दुसरं मॉडेल बघा, कारण तुमच्या खाचेत यापेक्षा जास्त फट सोडता येणार नाही. मागे बोटभर तरी जागा सोडा. तिथे तीन पिनी प्लग येत असेल तर तो पाच सेंटिमीटर पुढे येतो आणि फ्रिजला ढकलून पुढे आणतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो सॉकेट ओट्याच्या वर, बाजूला घ्या. थोडा खर्च होईल, पण पुढची दहा वर्षं फ्रिज भिंतीजवळ बसेल.

उंचीचं सोपं आहे. ५ फूट ३ इंच म्हणजे १६० सेंटिमीटर. १५० सेंटिमीटरच्या फ्रिजवर दहा सेंटिमीटर उरतात, ते चालेल. पण दुकानदार "अहो थोडे पैसे टाका, २७० लिटरचा घ्या" म्हणेल. बऱ्याच कंपन्यांत २७० लिटरचा फ्रिज म्हणजे २४० वाल्याचंच रुंदी-खोलीचं खोकं, फक्त वर वाढवलेलं. तो तुमच्या कपाटाला टेकेल. आणि माहितीपत्रकातली उंची वरच्या बिजागरीसकट आहे की नाही ते विचारा. एका ग्राहकाकडे एवढ्यासाठी कपाटाची खालची पट्टी करवतीने कापावी लागली होती.

आता ती चाचणी. तुमच्या खाचेत उजवीकडे भिंत आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक फ्रिजांच्या बिजागऱ्या उजवीकडेच असतात. म्हणजे दार भिंतीकडे उघडणार, आणि चार सेंटिमीटरच्या फटीत ते काटकोनात किंवा त्याहून जरासं जास्त उघडून थांबणार. दूध काढायला तेवढं पुरतं. पण दाराच्या आतल्या बाजूला बाटल्यांचे कप्पे असतात, ते आत डोकावतात. दार काटकोनात थांबलं की ते कप्पे भाजीच्या ट्रेच्या वाटेत येतात. ट्रे चार बोटं पुढे येतो आणि अडकतो. मग पालक काढायला हात तिरका घालून चाचपडायचं, आणि ट्रे धुवायचा तर फ्रिजच ओढून बाहेर काढायचा. काचेच्या फळ्यांचंही तेच.

म्हणून दुकानात मिस्टरांना फ्रिजच्या उजव्या बाजूला, अगदी चार सेंटिमीटर अंतरावर, भिंतीसारखं उभं करा. एखादा पुठ्ठा धरायला द्या. मग दार पुठ्ठ्याला लागेपर्यंत उघडा आणि भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर काढून दाखवा म्हणा. दुकानदार हसेल, हसू दे. काही मॉडेलांत ट्रे दोन तुकड्यांत असतो किंवा दाराकडच्या बाजूने अरुंद केलेला असतो, तो निघतो. काहींत निघत नाही. हीच चाचणी सिंगल डोअरलाही लागू आहे. त्यात एवढाच फायदा, की खालचा कांदे-बटाट्याचा ड्रॉवर दाराच्या बाहेर असतो, तो कशातच अडकत नाही. दार डावीकडे फिरवून मिळेल का, हेही विचारा. या आकाराच्या फ्रिजांत ती सोय क्वचितच मिळते, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

जागेचं इथे संपलं. खरा निर्णय दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

दोन्ही फ्रिजांच्या लिटरच्या आकड्यांत ५० लिटरचा फरक दिसतो. तो फरक जातो कुठे? १९० लिटरच्या सिंगल डोअरमध्ये फ्रीझरची पेटी साधारण १५-१८ लिटरची. बाकी १७० खालचा भाग. २४० लिटरच्या डबल डोअरमध्ये फ्रीझर ५५-६० लिटरचा, खालचा भाग १८०च्या आसपास. म्हणजे दूध, भाजी, कालची आमटी, कणीक ठेवायची जागा दोघांत जवळपास तेवढीच! जास्तीचे आठ-दहा हजार रुपये तुम्ही मोजता ते मुख्यतः मोठ्या, जास्त गार फ्रीझरसाठी आणि बर्फ आपोआप वितळण्यासाठी. "तीन माणसांना किती लिटर" हा तक्ता दुकानात लावलेला असतो, तो मी कधी बघत नाही. मी ग्राहकाला एवढंच विचारतो: आत्ता तुमचा फ्रीझर उघडला तर त्यात काय सापडेल?

बर्फाचा ट्रे, एक आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि कुठल्यातरी लग्नातला पेढ्यांचा बॉक्स, असं उत्तर आलं तर सिंगल डोअर घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला मिक्सर घ्या. तुमचं उत्तर वेगळं आहे. आठवड्यातून दोनदा मासे, आणि दोघंही नोकरीला म्हणजे ते रविवारी एकदमच येणार. सुरमईचे तुकडे, एक पापलेट, सोललेली कोळंबी. दोन डबे भरले. जानेवारीत मटार स्वस्त झाले की पाच किलो शेंगा घ्याल, त्यातून दोन-अडीच किलो दाणे निघतील, त्यांच्या तीन-चार पिशव्या. खवलेला नारळ. मे महिन्यात आमरसाचे डबे. सिंगल डोअरच्या पेटीत यातलं निम्मं मावत नाही. मावलं तरी दुसरी अडचण येते.

सिंगल डोअरची ती पेटी म्हणजेच फ्रिजचं थंड करणारं यंत्र. तिच्या पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. ती गार होते, तिच्याभोवतीची गार हवा जड होऊन खाली उतरते, खालचं गरम वर जातं. पंखा नाही, काही नाही. साधं आणि टिकाऊ. पण त्या पेटीचं तापमान सहसा उणे १८पर्यंत जात नाही. मटार दोन-तीन महिने ठेवायचे किंवा मासे दोन आठवडे, तर उणे १८ लागतं. आइस्क्रीम मऊ लागतं ते यामुळेच. तुमच्या जुन्या फ्रिजमध्ये मासे तीन-चार दिवसांनी वास धरत असतील तर दोष कोळिणीचा नाही.

दुसरं म्हणजे बर्फ. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, तिच्यातलं पाणी पेटीवर गोठतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा पिळून काढावी अशी असते, तेव्हा दोन आठवड्यांत पेटीचं तोंड अर्धं बुजतं. उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात बर्फ जास्त जमतो याचं लोकांना नवल वाटतं. थर पेन्सिलीएवढा जाड झाला की थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबायचं. कॉम्प्रेसर बंद होतो, बर्फ वितळतो, आणि पेटी पुरेशी कोमट झाली की बटण आपोआप बाहेर येऊन फ्रिज पुन्हा चालू होतो. रात्री झोपताना दाबावं. सकाळी पेटीखालचा ट्रे पाण्याने भरलेला असेल तर ओतावा. एवढंच काम आहे. पण वीस घरांत विचारलं तर हे वेळेवर करणारी दोन निघतील. थर जाड झाला की तोच बर्फ रजईसारखा पेटीभोवती बसतो, खाली गारवा उतरत नाही, कॉम्प्रेसर थांबत नाही.

मग लोक सुरी घेतात. गेल्या पावसाळ्यात एका घरी गेलो, आजी म्हणाल्या, "काही केलं नाही रे बाबा, मासे चिकटले होते ते जरा सोडवले." पेटीच्या तळाशी सुरीचं टोक घुसल्याचं भोक होतं, तांदळाएवढं. आजींनी फुस्स आवाज ऐकला होता, त्यांना वाटलं बर्फ तडकला. सगळा गॅस गेला. ते भोक बुजवता येतं, पण त्या पातळ पत्र्यावरचं ठिगळ किती दिवस टिकेल याची हमी मी देत नाही. पेटी बदलून गॅस भरायचा तर खर्च इतका येतो की सात-आठ वर्षांच्या फ्रिजवर तो करू नये. आणखी एक सांगून ठेवतो. आताच्या घरगुती फ्रिजांत बहुधा आर ६०० ए गॅस असतो, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तो पेट घेणारा गॅस आहे. प्रमाण थोडं असतं, पण असा आवाज आला तर गॅसची शेगडी पेटवू नका, बटणं चालू-बंद करू नका, खिडक्या उघडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये ही सुरीची भानगड नाही. तिथे गार होणारी जाळी फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड असते. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, थोडी फ्रीझरमध्ये सोडतो, थोडी एका वाटेने खाली पाठवतो. बर्फ तिथेही जमतो, पण तो त्या जाळीवर. दिवसातून एक-दोनदा जाळीखालचा हीटर वीस-पंचवीस मिनिटं पेटतो, बर्फ वितळतो, पाणी नळीने खाली कॉम्प्रेसरवरच्या तबकात जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. तुम्हाला यातलं काही दिसत नाही.

तुम्हाला काही दिसत नाही, म्हणूनच या फ्रिजचा सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड लोकांना कळत नाही. तो नीट सांगतो, कारण यात पैसे जातात.

कल्याणमधल्या एका ग्राहकाचा फोन आला: फ्रीझरमध्ये बर्फ छान होतोय, पण खाली दूध फाटतंय. फ्रिज पाच वर्षांचा. आधी दुसरा मेकॅनिक येऊन गेला होता. तो म्हणाला गॅस कमी झालाय, फ्रिज दुकानात नेला, दोन दिवसांनी गॅस भरून आणून दिला, पैसे घेतले. फ्रिज आठवडाभर उत्तम चालला. आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा तेच. तो मेकॅनिक म्हणाला, गॅस लीक आहे, कॉम्प्रेसरच बदला.

मी गेलो, फ्रीझर उघडला. मागच्या पडद्यावर पांढरं भुरभुरीत दव साचलेलं. दाराचा स्विच बोटाने दाबून धरला, पंख्याचा आवाज घसटल्यासारखा येत होता. पडदा काढला तर जाळी दिसतच नव्हती, आख्खी बर्फाची लादी. हीटर मीटरवर तपासला तर ठीक. त्याच्या वाटेतला छोटा थर्मल फ्यूज उडालेला. फ्यूज उडाला म्हणून हीटर पेटत नव्हता, हीटर पेटत नव्हता म्हणून बर्फ साचत गेला, बर्फाने पंख्याची वाट बुजली आणि खाली गार हवा उतरायची थांबली. फ्रीझर मात्र बर्फाच्या लादीला लागूनच असल्यामुळे गारच. गॅस पहिल्या दिवसापासून पूर्ण होता. मग गॅस भरल्यावर आठवडाभर चालला कसा? कारण दुकानात दोन दिवस फ्रिज बंद होता, तेवढ्यात सगळा बर्फ वितळून गेला. पुन्हा लादी जमायला आठवडा लागला. शंभर-दोनशेचा भाग होता.

हे घरी ओळखता येतं. वर थंड, खाली कोमट अशी तक्रार आली की फ्रिज रिकामा करून बंद करा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनं पातळ किंवा टॉवेल टाका आणि चोवीस तास तसाच ठेवा. चालू केल्यावर तो चार-आठ दिवस ठणठणीत चालून पुन्हा तसाच झाला, तर दोष बर्फ वितळवण्याच्या साखळीत आहे: हीटर, बायमेटल म्हणजे तापमानावर चालू-बंद होणारा स्विच, फ्यूज, सेन्सर किंवा त्यांना हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. गॅस गेला असता तर असा आठवडाभर चालला नसता. चोवीस तास बंद ठेवून गॅस परत येत नाही. मेकॅनिकला हे सांगितलंत तरी तो जरा जपून बोलेल.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय, ही दुसरी नेहमीची तक्रार. ती पाण्याची नळी तुंबल्याची. पडद्याआडच्या भोकात कोमट पाणी सोडलं की बहुतेक वेळा मोकळी होते. त्यात फार काही नाही.

गॅरंटीचं कार्ड घेताना एक वाक्य नीट वाचा. "कॉम्प्रेसरवर १० वर्षं" हे मोठ्या अक्षरांत असतं. हीटर, सेन्सर, पंखा, पाटी यांवर बहुधा एकच वर्ष असतं, ते बारीक अक्षरांत. आणि फ्रॉस्ट फ्रीमध्ये बिघडतं ते बहुतेक वेळा यातलंच काहीतरी. कॉम्प्रेसर क्वचित जातो. सिंगल डोअरमध्ये बिघडायला मुळात थर्मोस्टॅट, रिले आणि दाराचं रबर यापलीकडे फारसं काही नसतं. या बाबतीत सासूबाईंच्या बाजूने मी उभा आहे: साधं यंत्र कमी रुसतं. गावी घर असतं, दिवसाला चार-पाच तास वीज जात असती आणि मेकॅनिक तालुक्याहून यायचा असता, तर मी तुम्हाला सिंगल डोअरच सांगितला असता. वीज गेली की त्याच्या पेटीवरचा बर्फ गारवा धरून ठेवतो. पंख्यावर चालणाऱ्या फ्रिजमध्ये वीज जाताच खाली जाणारी गार हवा थांबते. डोंबिवलीत हा प्रश्न तेवढा नाही.

विजेचं त्यांना असं सांगा. फ्रिजवरच्या स्टार लेबलावर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं. तारे मोजू नका, तो आकडा वाचा. सिंगल डोअरचे तारे आणि फ्रॉस्ट फ्रीचे तारे वेगवेगळ्या पट्टीने मोजतात, आणि ती पट्टीही काही वर्षांनी कडक होते. त्यामुळे जुन्या लेबलावरचे पाच तारे आणि नव्या लेबलावरचे तीन तारे यांची तुलना करून काही कळत नाही. समजा एकावर १७० युनिट लिहिलंय आणि दुसऱ्यावर २३०. फरक ६० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ६०० रुपये, महिन्याला ५०. हीटर आणि पंखा आहे म्हणून फ्रॉस्ट फ्री थोडी जास्त वीज घेतो, हे सासूबाईंचं खरं आहे. पण तुमच्या आताच्या जुन्या फ्रिजचं दाराचं रबर ढिलं झालं असेल तर तो या दोघांपेक्षा जास्त खात असण्याची शक्यता आहे. रबरात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तेवढ्या फटीतून गारवाही निघतोय.

एका गोष्टीत मात्र त्यांना त्रास होईल आणि तो दुकानात कुणी सांगत नाही. डबल डोअरमध्ये फ्रीझर वर, डोळ्यांसमोर येतो, आणि रोज लागणारा भाग कमरेखाली जातो. भाजीचा ट्रे जवळजवळ जमिनीपाशी. सिंगल डोअरमध्ये खाली ड्रॉवर असल्यामुळे भाजीचा ट्रे बराच वर असतो. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील आणि त्या तुमच्याकडे आल्या की दिवसभर स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात असेल, तर त्यांना दुकानात न्या आणि वाकून ट्रेमधून काहीतरी काढायला सांगा. त्यांनी तोंड वाकडं केलं तर भाजी मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यांत ठेवायची आणि ट्रेमध्ये बाटल्या, लोणची, दळलेली पिठं. हा उपाय मी माझ्याच घरी केलाय, आईसाठी.

भाजीचं निघालं म्हणून सांगतो. पंख्याची हवा कोरडी असते. सिंगल डोअरमध्ये उघडी ठेवलेली कोथिंबीर तीन दिवस तग धरते, फ्रॉस्ट फ्रीमध्ये दुसऱ्या दिवशी मान टाकते. कणकेवर पापुद्रा धरतो, भातही कडक होतो. सगळं झाकून ठेवायची सवय लावावी लागते. कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळून डब्यात. आणि मागच्या भिंतीला जिथून हवा येते त्या झरोक्यांसमोर मोठं पातेलं टेकवून ठेवू नका. पुढचं गार होत नाही आणि पातेल्यातलं मागच्या बाजूने गोठतं, मग लोक म्हणतात फ्रिज खराब आहे.

मासे ठेवताना रविवारी सगळे डबे एकदम झरोक्याला चिकटवून रचू नका. पहिली रात्र मध्ये दोन बोटं हवा खेळू द्या, गोठले की मग रचा. एका वेळच्या कालवणाचे एवढेच तुकडे एका पिशवीत. वितळवलेले उरले म्हणून पुन्हा फ्रीझरमध्ये टाकायचे नाहीत.

फ्रिज घरी येईल तेव्हा आधी जिना, लिफ्ट आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मोजलेली असू द्या. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराचं दार अरुंद असू शकतं, त्यात फ्रिज खोक्यासकट जात नसेल तर खोकं बाहेरच काढावं लागतं. आडवा करून आणला असेल तर तीन-चार तास उभा ठेवून मगच चालू करा. पुढचे पाय एखादा फेरा फिरवून फ्रिजची पुढची बाजू जराशी वर घ्या, म्हणजे फ्रिज किंचित मागे कलतो आणि अर्धवट सोडलेलं दार आपोआप लागतं. सात वर्षांची मुलगी घरात आहे, तिच्या हातून दार अर्धवटच राहणार.